गेट-ग्रिलसाठी कोणता रॉड घ्यायचा? लहान वर्कशॉपसाठी रॉडची आणि लेपाची निवड

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे दुरुस्तीला एक गेट आलं. वरची बिजागरी उखडली होती. मालक म्हणाले, "दुकानदार म्हणतो, तुमच्या फॅब्रिकेटरने साधा रॉड वापरला, सत्तर-अठरा वापरायला पाहिजे होता." मी बिजागरीची पट्टी उलटी करून बघितली. वेल्डिंगचा सगळा मणी केळीच्या सालीसारखा निघून आला होता आणि त्याच्या खाली पट्टीचा मूळचा निळसर-काळा थर, कारखान्यातून येताना लोखंडावर असतो तो मिल स्केल, जसाच्या तसा शाबूत होता. म्हणजे धातू पट्टीला चिकटलाच नव्हता, नुसता वर बसला होता. तिथे जगातला सगळ्यात महाग रॉड वापरला असता तरी बिजागरी निघालीच असती.

आमच्या धंद्यात रॉडची चर्चा नेहमी "कुठला मजबूत" इथे अडकते. खरं तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे असतात. रॉड किती जाड घ्यायचा, आणि त्याच्यावरचा लेप कुठल्या जातीचा असावा. पहिल्याचं उत्तर तुमच्या मालाची जाडी देते. दुसऱ्याचं उत्तर मशीन, सांध्याची फट, लोखंडाची जात आणि रॉड ठेवायची तुमची सोय यांवर ठरतं. मजबुतीचा नंबर त्यानंतर येतो, आणि गेटच्या कामात तो बहुतेक वेळा येतच नाही.

आधी मालाची जाडी मोजा

सांध्यात दोन तुकडे असतात. त्यातला जो पातळ, त्याच्यावर रॉड ठरतो. साधी गोष्ट आहे, पण १२ मिलिमीटरचा चौरस बार हातात असला की माणूस बाराचाच विचार करतो आणि ज्या पाईपला तो लावायचा त्याची भिंत दीड-दोन मिलिमीटरच आहे हे विसरतो. मग भोक पडतं.

दुकानात रॉड अजूनही गेजच्या नंबराने मागतात. बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे ३.१५, आठ नंबर म्हणजे चार. चौदा नंबर, म्हणजे दोन मिलिमीटरचा रॉड, लहान गावात सहज मिळत नाही, पण पत्र्याचं काम असेल तर मागवून ठेवावा. हे आकडे रॉडमधल्या तारेचे असतात, लेपासकट मोजायचे नसतात.

माझा हिशेब असा. चौकोनी पाईप १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास असेल, तर दोनचा रॉड आणि ४० ते ५० अँपिअर. १६ गेजला दोनचा किंवा हात बसलेला असेल तर अडीचचा, ५५-६० वर. १४ गेजला, म्हणजे दोन मिलिमीटरच्या भिंतीला, अडीचचा रॉड ६० ते ७० वर मजेत चालतो. पाच-सहा मिलिमीटरची पट्टी किंवा अँगल एकमेकांना जोडायचा तर अडीचचा ८०-८५ वर किंवा ३.१५ चा १०० ते १२० वर. चारचा रॉड गेट-ग्रिलमध्ये मला वर्षभरात क्वचितच लागतो. मशीनच्या डिस्प्लेवरच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दोन इन्व्हर्टरवर तोच आकडा लावून बघितलात तर मणी वेगळे पडतात. आकडा सुरुवातीला लावायचा, पुढे भंगाराच्या तुकड्यावर बघून ठरवायचं.

लेप काय करतो आणि कुठला घ्यायचा

रॉडवरचा लेप जळताना वायू सोडतो आणि वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. राहिलेला भाग कीट होऊन मण्यावर झाकण घालतो. आर्क स्थिर ठेवणारे पदार्थही त्यातच असतात. लेपाच्या मसाल्यावर आर्क मऊ की खोल, कीट पातळ की जाड, रॉड पटकन पेटतो की चिकटतो, हे सगळं ठरतं.

आपल्या कामात तीन जाती समोर येतात. पहिली रुटाइल. रुटाइल म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडतो तोच. पुड्यावर ई ६०१३ लिहिलेलं असतं ते हेच, बोलताना आपण साठ-तेरा म्हणतो. आर्क मऊ, सहज पेटणारा, विझला तर परत लगेच लागणारा, छर्रे कमी, कीट चिपिंग हॅमरच्या दोन टोल्यांत निघतं. खोल घुसत नाही, आणि पातळ पाईपवर नेमकं हेच हवं असतं. ग्रिलमध्ये एकेक टाका पाऊण-एक इंचाचा. शंभर वेळा पेटवायचं, शंभर वेळा विझवायचं. असा रॉड नसला तर दिवस नुसता होल्डर झटकण्यात जातो.

दुसरी जात बेसिक, कमी हायड्रोजनची, म्हणजे ई ७०१८. तिच्याकडे पुढे बिजागरीच्या वेळी येतो. तिसरी सेल्युलोजची, ६०१० आणि ६०११. ती खोल घुसते आणि गंज खात जाते म्हणून पाइपलाइनवाल्यांना आवडते. दोन मिलिमीटरच्या पाईपवर ती आगाऊ आहे, छर्रे भरपूर उडवते, आणि ग्रिलवाल्याला तिची गरज नाही.

पुड्यावरचा नंबर असा वाचायचा. ६० म्हणजे वेल्डच्या धातूची ताण सोसायची किमान ताकद, दर चौरस इंचाला ६० हजार पौंड. पुढचा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, सगळीकडे चालतो. शेवटचा ३ लेपाची जात आणि करंटचा प्रकार सांगतो, इथे रुटाइल, एसीवरही चालतो आणि डीसीवरही. आपल्या आयएस ८१४ या मानकाचा नंबरही शेजारी असतो. त्यात ई च्या पुढे एक आर असेल तर रुटाइलचा मध्यम लेप, दोन आर असतील तर जाड लेप. बी असेल तर बेसिक.

हा एक आर आणि दोन आरचा फरक बहुतेक जण बघतच नाहीत, आणि ग्रिलमध्ये तो जाणवतो. जाड लेपाचा रॉड सपाट सांध्यावर घासत नेला की चकचकीत, एकसारखा मणी टाकतो, बघायला सुंदर. पण कीट जास्त होतं. पाईपचा काप तिरपा गेलाय, दीड-दोन मिलिमीटरची फट राहिली आहे, अशा ठिकाणी ते कीट धातूच्या पुढे पळत फटीत शिरतं आणि आतच राहतं. उभ्या सांध्यात ओघळतं. आपले काप काही मशीनवरचे नसतात, कटरवर हातानेच मारलेले असतात. म्हणून माझ्याकडे रोजच्या कामाला मध्यम लेपाचा साठ-तेरा असतो. जाड लेपाचा एखादा पुडा, समोरच्या दर्शनी पट्ट्यांसाठी, बस.

मशीन कुठलं आणि रॉड कुठल्या टोकाला

जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर एसी, तिथे टोकांचा प्रश्न नाही. साठ-तेरा त्यावर चालतो. इन्व्हर्टर असेल तर डीसी मिळतो आणि टोक निवडता येतं. पातळ पाईपला होल्डर वजाच्या टोकाला आणि अर्थिंगची क्लॅम्प अधिकला लावून बघा. घुसणं कमी होतं, भोकं कमी पडतात. जाड पट्टीला होल्डर अधिकला. आमच्याकडचा पोरगा दोन दिवस "हा रॉड पातळ पाईपला भोकंच पाडतो" म्हणून कुरकुरत होता. पुडा बदलायला दुकानात निघाला, तेव्हा मी फक्त वायरी उलट्या केल्या.

गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा ट्रान्सफॉर्मरवर आर्क धरत नाही. दोष रॉडला देतात, पण सकाळी तोच रॉड नीट चालतो. खात्री करायची तर रिकाम्या मशीनचं, म्हणजे आर्क न लावता, दोन टोकांमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने तज्ज्ञ इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. साठ-तेरा ५० च्या आसपासही पेटतो. सत्तर-अठराला एसीवर साधारण ७० लागतात, नाहीतर तो नुसता चिकटतो.

नवा पुडा आणला की पहिले तीन रॉड भंगारावर जाळा

लेप तारेच्या बरोबर मधोमध आहे का, हे पहिल्या रॉडला कळतं. रॉड सरळ धरून जाळा आणि अर्ध्यावर थांबून टोक बघा. लेप एका बाजूने जास्त उरून नखासारखा पुढे आला असेल तर लेप एकीकडे जाड आहे. असा रॉड आर्क एका बाजूला ओढतो आणि तुम्ही कितीही हात सावरला तरी मणी वाकडाच जातो. एखादा तसा निघाला तर ठीक, सलग तीन निघाले तर पुडा परत.

दुसरा रॉड कानाजवळ. दोन रॉड एकमेकांवर हलके आपटा. कोरडे असतील तर टणक, धातूचा आवाज येतो, ओल लागली असेल तर बद्द येतो.

तिसऱ्या रॉडने सांधा करून तोडायचा. पट्टीचे दोन तुकडे गुन्यात उभे-आडवे धरा, एकाच बाजूने दोन इंच वेल्ड मारा, थंड होऊ द्या, आणि उभ्या तुकड्यावर हातोडा असा मारा की वेल्ड न केलेल्या बाजूची फट उघडत जाईल. गरज पडली तर मण्यावर ग्राइंडरने आधी एक रेघ मारा. तुटल्यावर आतला भाग थेट कोपऱ्यापर्यंत करडा आणि दाणेदार दिसला तर करंट आणि रॉड जमला. कोपऱ्यात काळी काचेसारखी रेघ दिसली तर कीट अडकलंय, म्हणजे करंट कमी किंवा रॉडचा कोन चुकला. गुळगुळीत, चमकदार टिकली दिसली तर तिथे धातू चिकटलाच नाही. गोल छिद्रं असतील तर ओल, रंग किंवा तेल. या एका तुकड्यातून जे कळतं ते मण्याचा वरचा चेहरा बघून कधीच कळत नाही.

पावसाळा आणि रॉड

कोकणात जूननंतर उघडा पुडा आठवड्यात ओला होतो. लेपावर पांढरी बुरशीसारखी लव दिसते, आर्क तडतडतो, छर्रे उडतात, मण्याला बारीक छिद्रं पडतात. साठ-तेरा वाळवायचा असेल तर १०० ते ११० अंशांना तासभर पुरे. जास्त तापवू नका. रुटाइलच्या लेपात थोडी ओल मुळातच हवी असते. तीनशे अंशांना भाजला तर लेप तडकतो आणि आर्क बिघडतो. काही जण रॉड होल्डरमध्ये धरून शॉर्ट करून लाल करतात, त्याने टोकापासून लेप गळतो, सुकत काही नाही.

आम्ही जुन्या लाकडी पेटीत ६० वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवतो. रॉड त्याला टेकत नाहीत अशा जाळीवर. हे वाळवणं नव्हे, कोरडे रॉड कोरडे ठेवणं आहे, आणि साठ-तेरासाठी तेवढंच लागतं. लेपाला भेगा पडून तो पिठासारखा झडायला लागला तर तो रॉड मात्र टाकून द्या.

एक गेट, रॉडच्या नजरेने

बारा फुटी गेट, दोन पाखी, एक पाखं सहा फूट रुंद, पाच फूट उंच. चौकट आणि मधली आडवी ४० बाय ४० चा १४ गेज पाईप. वरच्या भागात १२ चे चौरस बार, चार-चार इंचांवर सतरा. खाली १८ गेजचा पत्रा. वजन केलं तर पाईप वीस किलो, बार सतरा, पत्रा नऊ, फिटिंग धरून एका पाख्याचे पन्नास किलो.

चौकट गुन्यात धरून अडीचच्या साठ-तेराने कोपऱ्यांवर टाके. कर्ण मोजा, मग ६५ वर पूर्ण वेल्ड, समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून, म्हणजे पाखं ओढलं जात नाही. बार लावताना करंट ७० वर आणि आर्कचा रोख बारावर. बार जाड आहे, त्याला उष्णता लागते. धातू वितळून पाईपच्या भिंतीकडे वाहिला पाहिजे, आर्क थेट भिंतीवर गेला की गेली. प्रत्येक टोकाला दोन बाजूंनी बाराबारा मिलिमीटरचा टाका पुरतो. पत्र्याला दोनचा रॉड, ४५ वर, दर चार इंचांना अर्ध्या इंचाचा टाका, एका टोकाकडून दुसऱ्याकडे न जाता इकडे-तिकडे उड्या मारत. सलग मारलात तर पत्रा पापडासारखा फुगतो.

किती रॉड? अडीचचा ३५० मिलिमीटर लांबीचा एक रॉड तीन मिलिमीटरच्या सांध्याचा १५ ते २० सेंटिमीटर मणी देतो. या पाख्यात चौकट, आडवी आणि बार मिळून दीड-पावणेदोन मीटर वेल्ड होतं. टाके, बिजागऱ्या आणि अर्धवट फेकलेले धरून अडीचचे पंधरा रॉड आणि पत्र्याला दोनचे चार-पाच. पोरगा याच्या दुप्पट वापरत असेल तर फटी मोठ्या आहेत, आधी काप सुधारा.

बिजागरी: इथे सत्तर-अठरा लागतो का?

पन्नास किलोच्या पाख्याचं वजन खांबापासून तीन फुटांवर धरू. दोन बिजागऱ्यांमध्ये साडेतीन फूट अंतर असेल तर वरच्या बिजागरीला आडवा ओढ साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोचा. आता तीन मिलिमीटर पायाचा, चाळीस मिलिमीटर लांबीचा एकच साठ-तेराचा मणी घ्या. नीट चिकटलेला असेल तर कागदावर तो तुटायला दोन टनांच्या आसपास जोर लागतो. पोरं गेटवर झोके घेतील, टेम्पो मागे येताना धक्का देईल, हे सगळं धरूनही भरपूर शिल्लक राहते. साठ हजारांऐवजी सत्तर हजारांचा रॉड घेऊन काय साधणार?

बिजागरी दोन कारणांनी जाते. एक वर सांगितलं, मिल स्केलवर बसवलेला मणी. त्याला औषध ग्राइंडर: पट्टी आणि पाईप वेल्डच्या जागी पांढरे होईपर्यंत घासा, मग पट्टीकडे रोख ठेवून वेल्ड करा. दुसरं कारण पाईपची पातळ भिंत. बिजागरीची पट्टी थेट पाईपच्या मधोमध लावली की भिंत प्रत्येक उघडझापीला थोडी आत-बाहेर होते आणि काही वर्षांनी मण्याच्या कडेला चीर जाते. मणी शाबूत, पाईप फाटलेला. यावर पाच मिलिमीटरची पट्टी पाईपच्या कडेपासून कडेपर्यंत आधी वेल्ड करा आणि बिजागरी तिच्यावर. पाईपला पट्टी अडीचच्या रॉडने, पट्टीला बिजागरी ३.१५ ने, ११० वर.

सत्तर-अठराची खरी जागा वेगळी आहे. बिजागरीची खिट्टी म्हणून लोक भंगारातला ट्रकचा पिन, शाफ्टचा तुकडा, बेअरिंगची रिंग लावतात. त्यात कार्बन जास्त असतो. साठ-तेराच्या लेपातल्या ओलीतून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो, खिट्टीचा तापलेला भाग पटकन थंड होऊन कडक होतो, आणि कडक भाग व हायड्रोजन एकत्र आले की चीर पडते. कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी, गेट बसवून आल्यावर. ओळखायचं कसं? तुकडा ग्राइंडरला लावा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, थोड्याच फुटणाऱ्या. जास्त कार्बनच्या आखूड आणि फुलबाजीसारख्या भरगच्च फुटतात. कानस नुसती घसरत असेल तर प्रश्नच नाही, तुकडा बाजूला ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे: असा पिन वापरूच नका, साधा २० मिलिमीटरचा गोल बार विकत आणा. गिऱ्हाईक अडूनच बसलं तर सत्तर-अठरा, पण भाजलेला. त्याला कंपनीच्या पुड्यावर लिहिलं असेल त्याप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंशांना तास-दोन तास भाजावं लागतं. दिव्याची पेटी किंवा घरचा ओव्हन तिथपर्यंत जात नाही. ओव्हन नसेल तर लहान सीलबंद पुडा घ्या, काम मांडून ठेवा, मग पुडा फोडा आणि दोन-चार तासांत संपवा. खिट्टी आधी दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवा, आर्क अगदी आखूड ठेवा, झाल्यावर राखेत किंवा कोरड्या वाळूत निवू द्या. पाणी ओतलंत तर वरचं सगळं फुकट. आणि महिनाभर उघडा पडलेला सत्तर-अठरा साठ-तेरापेक्षा वाईट. नावाला कमी हायड्रोजनचा, पोटात पाणी.

जस्ताच्या पाईपबद्दल एवढंच

किनाऱ्यावरची गिऱ्हाइकं जीआय पाईप मागतात. रॉड तोच साठ-तेरा, पण सांध्याच्या दोन्ही बाजूंनी इंचभर जस्त घासून काढा. नाहीतर मणी छिद्राळ होतो आणि पांढरा धूर नाकात जातो. रात्री थंडी वाजून ताप येतो तो त्याचाच. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ नको, बाजू करून. वेल्ड झाल्यावर कीट पूर्ण काढून झिंकचा प्रायमर लावा. कीट राहिलं तर त्याच्यावरचा रंग पहिल्या पावसात पोपडा धरतो आणि गंज तिथूनच चालू होतो. साध्या गेटलाही हेच, फक्त तिथे रेड ऑक्साइड.

साइटवर खांबाला बिजागरी लावताना सांधा उभा येतो. तिथे वर्कशॉपमधल्या सेटिंगपेक्षा करंट दहा-पंधरा टक्के कमी करा आणि पाच मिलिमीटरच्या पट्टीवर खालून वर या. वरून खाली ओढलेला मणी दिसायला सरळ येतो, पण जाड पट्टीवर कीट पुढे पळतं आणि खाली तोच निळसर-काळा थर शाबूत राहतो. पातळ पाईपच्या उभ्या टाक्याला मात्र वरून खालीच या, भराभर, अडीचच्या रॉडने.